साउंडबार टीव्हीला जोडताना: नेमकं कोणतं पोर्ट, केबल कशी आणि आवाज आला नाही तर काय तपासायचं

नवीन साउंडबारच्या खोक्यात बहुतेक वेळा एक एचडीएमआय केबल असते. टीव्हीच्या मागे दोन-तीन एचडीएमआय पोर्ट असतात आणि जे मोकळं दिसेल त्यात ती केबल जाते. साउंडबारचा दिवा लागतो, टीव्हीवर चित्रही येतं, पण आवाज मात्र टीव्हीच्याच बारीक स्पीकरमधून येत राहतो. मग कंटाळून लोक ब्लूटूथने जोडतात. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, आणि दोष साउंडबारच्या माथी जातो. खरं तर यातल्या बऱ्याच घरांत साउंडबार चांगला असतो, केबलही चांगली असते, फक्त ती चुकीच्या पोर्टात असते.

एकाच पोर्टातून आवाज बाहेर का येतो

टीव्हीवरची सगळी एचडीएमआय पोर्टं मुळात आत घेणारी आहेत. सेट टॉप बॉक्सचं चित्र आणि आवाज तिथून टीव्हीत शिरतात. साउंडबारला मात्र टीव्हीकडून आवाज हवा असतो, म्हणजे उलट्या दिशेने. 2009 साली एचडीएमआयची 1.4 ही आवृत्ती आली तेव्हा त्यासाठी सोय केली गेली: ऑडिओ रिटर्न चॅनल, म्हणजे एआरसी. एचडीएमआयच्या प्लगमध्ये 19 पिना असतात. त्यातली 14 नंबरची पिन तोवर राखीव ठेवलेली होती. एआरसीचा आवाज त्या पिनेच्या तारेवरून टीव्हीतून बाहेर पडतो. चित्राच्या तारा वेगळ्या आहेत, त्यांच्याशी या आवाजाचा काही संबंध नाही.

टीव्ही बनवणारे ही 14 नंबरची वाट आतल्या ऑडिओ सर्किटपर्यंत साधारणपणे एकाच पोर्टामागे नेतात. म्हणून एआरसीचं पोर्ट एकच असतं. बाकीच्या पोर्टांत कितीही महागडी केबल घातली तरी तिथून आवाज बाहेर येणार नाही.

ते पोर्ट कसं शोधायचं

पोर्टाशेजारी ARC किंवा eARC असं छापलेलं असतं. तेवढंच बघायचं. नंबर कुणाला विचारून लावू नका, कारण तो कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतो. एलजीच्या बऱ्याच टीव्हींत हे दुसरं पोर्ट असतं, सोनीच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत तिसरं, आणि सॅमसंगमध्ये मालिका बदलली की नंबरही बदलू शकतो. भावाच्या टीव्हीवर चाललेला नंबर तुमच्या टीव्हीवर चालेलच असं नाही.

टीव्ही भिंतीला लावलेला असेल तर मागे डोकं घालायची गरज नाही. मोबाइलचा फ्लॅश चालू करून हात टीव्हीमागे घाला, दोन-तीन फोटो काढा आणि ते मोठे करून वाचा. अक्षरं काळ्यावर करड्या रंगात, बारीक छापलेली असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ती सुटतात. फोटोतही दिसलं नाही तर टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत पोर्टांचा आराखडा असतो, तो बघा. मात्र माहितीत नुसतं 'एचडीएमआय 1.4' किंवा '2.0' असं लिहिलेलं असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. एआरसी देणं बंधनकारक नाही, त्यामुळे त्या आवृत्तीच्या टीव्हीत ते असेलच अशी खात्री नसते. ARC ही अक्षरंच सापडायला हवीत.

साउंडबारच्या बाजूला आणखी एक घोटाळा होतो. तिथे दोन एचडीएमआय पोर्टं असतील तर एकावर HDMI IN असतं आणि दुसऱ्यावर HDMI OUT, सोबत TV किंवा ARC. टीव्हीचा आवाज साउंडबारमध्ये 'आत' यायचा आहे म्हणून पुष्कळ जण केबल IN मध्ये लावतात. ती OUT मध्ये लावायची. हे OUT चित्राच्या हिशेबाने लिहिलेलं आहे: साउंडबारकडून चित्र टीव्हीकडे जातं ते याच पोर्टातून, आणि आवाज त्याच केबलमधून उलटा येतो. एकच एचडीएमआय पोर्ट असेल तर हा प्रश्नच येत नाही.

टीव्हीवर एआरसी नसेलच तर ऑप्टिकल केबल वापरा. स्टीरिओ आवाज आणि साधा डॉल्बी डिजिटल 5.1 त्यावरून नीट जातो. टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त करण्याची सोय मात्र सहसा जाते.

ई-एआरसी हवंच का

eARC ही पुढची पायरी, 2017 सालच्या एचडीएमआय 2.1 बरोबर आलेली. दुकानात यावर बराच जोर दिला जातो, म्हणून हिशेब स्वतः करून बघावा.

साध्या एआरसीवरून जेवढा आवाज जातो तो दोन चॅनलच्या साध्या डिजिटल आवाजाइतका. दर सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि चॅनल दोन: गुणाकार येतो सेकंदाला सुमारे 15 लाख बिट, म्हणजे दीड मेगाबिट. ई-एआरसीवर आठ चॅनल, 24 बिट आणि 1,92,000 नमुने एवढं बसतं, म्हणजे जवळजवळ 37 मेगाबिट.

आता तुम्ही काय ऐकता ते बघा. नेटफ्लिक्सवरचा डॉल्बी अ‍ॅटमॉस सेकंदाला जास्तीत जास्त 768 किलोबिटचा असतो, कारण तो डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या स्वरूपात येतो. हा साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो, फक्त टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ते स्वरूप कळायला हवं. डीटीएच आणि टीव्हीतली अ‍ॅप्स एवढाच वापर असेल तर केवळ ई-एआरसीसाठी टीव्ही बदलणं मला पटत नाही. ई-एआरसी खरोखर लागतं ते ब्लू-रे प्लेअरचा न दाबलेल्या दर्जाचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा गेमिंग कन्सोलचा अनेक चॅनलचा पीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला डिजिटल आवाज टीव्हीमार्गे साउंडबारला द्यायचा असेल तेव्हा.

ई-एआरसीचा आणखी एक फायदा खरा आहे: ओठ आणि आवाज यांचा मेळ आपोआप जुळवण्याची सोय त्यात सक्तीची आहे, साध्या एआरसीत ती ऐच्छिक होती. टीव्ही आणि साउंडबार यांपैकी एकातच ई-एआरसी असेल तर जोडणी सहसा साध्या एआरसीवर येते.

केबल: वेग नाही, ती एक जोडी महत्त्वाची

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. केबलच्या पाकिटावर 18 जीबीपीएस, 48 जीबीपीएस असे आकडे असतात. हे आकडे चित्राच्या तारांचे आहेत. साउंडबारला फक्त टीव्हीचा आवाज न्यायचा असेल, तर त्या केबलमधून सिनेमाचं चित्र जातच नाही. दीड मेगाबिटसाठी किंवा अगदी 37 मेगाबिटसाठी 48 हजार मेगाबिटची वाट लागत नाही.

मग केबलमध्ये बघायचं काय? साध्या एआरसीला 14 नंबरची तार धड असली की पुरतं. साधारण कुठलीही शाबूत एचडीएमआय केबल चालते. खोक्यातली तर नक्की लावून बघा, आधी नवीन विकत घेऊ नका. फार जुन्या किंवा अगदी स्वस्त केबलींत कधी कधी ही तार जोडलेलीच नसते. अशा केबलवर चित्र सुरेख येतं, एआरसी मात्र चालत नाही. 'याच केबलवर सेट टॉप बॉक्स तर चालतोय' हा पुरावा म्हणून उपयोगाचा नाही, कारण तो चित्राच्या तारांचा पुरावा झाला.

ई-एआरसीला 14 आणि 19 या दोन पिनांच्या तारा जोडीने लागतात, आणि त्या केबलमध्ये एकमेकींना पीळ घालून नीट बसवलेल्या असाव्या लागतात. ही जोडी मुळात एचडीएमआयमधून इंटरनेट नेण्यासाठी ठरवली होती. त्या कामासाठी ती घरांत क्वचितच वापरली गेली, पण केबलवरची खूण राहिली. म्हणून ई-एआरसीसाठी पाकिटावर High Speed with Ethernet किंवा Ultra High Speed HDMI Cable हे शब्द शोधा. दोन्हींत ती जोडी असते. 'एचडीएमआय 2.1 केबल' असं नाव ठळक छापलेलं असलं तरी केबलींचा तो अधिकृत प्रकार नाही. अस्सल अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या पाकिटावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं आणि ते मोबाइलवरच्या HDMI Cable Certification या अ‍ॅपने स्कॅन करून तपासता येतं.

लांबी दीड-दोन मीटर ठेवा. साउंडबार टीव्हीखाली असेल तर तेवढी पुरते. अगदी मोजून घेतली तर प्लगवर ताण येतो आणि काही महिन्यांत तो सैल होतो. केबल भिंतीतल्या पाइपातून न्यायची असेल तर इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा की वायरिंगचा नेहमीचा पाइप चालणार नाही. एचडीएमआयचा प्लग रुंद असतो आणि कोपऱ्यात अडकतो. दोन इंची पीव्हीसी पाइप आणि मोठ्या वळणाचा कोपरा मागा. भिंत बुजवण्याआधी केबल जोडून आवाज ऐकून घ्या. दहा-पंधरा मीटरच्या ऑप्टिकल फायबर एचडीएमआय केबली मिळतात, त्या मात्र पाकिटावर ARC किंवा eARC लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. त्यांना दिशाही असते, एक टोक टीव्हीचं आणि दुसरं उपकरणाचं.

जोडणीचा क्रम

दोन्ही उपकरणं भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. टीव्हीच्या ARC पोर्टातून साउंडबारच्या OUT पोर्टात केबल लावा आणि प्लग शेवटपर्यंत बसलाय ना हे हाताने दाबून बघा. आधी टीव्ही चालू करा, मग साउंडबार, आणि साउंडबारच्या रिमोटवरून TV किंवा ARC हा स्रोत निवडा.

आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. एआरसी चालू करण्यासाठी टीव्ही आणि साउंडबार एकमेकांशी जे बोलतात ते सीईसीवरून. ते बंद असेल तर केबल आणि पोर्ट बरोबर असूनही आवाज येत नाही. अडचण अशी की हे नाव सगळ्या टीव्हींवर सारखं दिसत नाही. सॅमसंगमध्ये ते Anynet+, एलजीमध्ये SIMPLINK, सोनीमध्ये BRAVIA Sync. बाकीच्या बऱ्याच टीव्हींत सरळ HDMI CEC किंवा CEC Control असतं.

त्यानंतर आवाजाच्या सेटिंगमध्ये Sound Output किंवा Speakers या जागी टीव्हीच्या स्पीकरऐवजी साउंडबार निवडा. त्याच्या जवळपास Digital Sound Output, Digital Audio Out किंवा Digital Output Audio Format अशा नावाची सेटिंग असते. तिथे सुरुवातीला Auto ठेवा. eARC चा पर्याय दिसत असेल आणि साउंडबारमध्येही ई-एआरसी असेल तर तोही Auto किंवा On करा.

खात्रीसाठी टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवून बघा. साउंडबारवरचा आकडा किंवा दिवे हलले तर सीईसी चालतंय. साउंडबारमधून आवाजही आला तर एआरसीही चालतंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक चालून दुसरी अडते तेव्हा दोष शोधायला हाच फरक कामी येतो.

एका घरातली जुळवाजुळव

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या घरी 43 इंची टीव्ही आहे, तीन एचडीएमआय पोर्टांचा. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने डीटीएच बॉक्स पहिल्या पोर्टात लावून दिला होता, कारण ते सगळ्यांत हाताशी होतं. दुसऱ्यात स्ट्रीमिंग स्टिक. म्हणून साउंडबार तिसऱ्यात गेला आणि मुका राहिला. फोटो काढला तर ARC पहिल्या पोर्टाशेजारी होतं.

बॉक्स तिसऱ्या पोर्टात हलवला, साउंडबार पहिल्यात आणला. लगेच टीव्हीवर 'सिग्नल नाही' असं आलं आणि काकू घाबरल्या, पण टीव्ही अजून पहिल्याच पोर्टाकडे बघत होता एवढंच. स्रोत HDMI 3 केला, चॅनल आले. टीव्हीत त्या स्रोताला 'डीटीएच' असं नाव देऊन ठेवलं की नंतर घरात कुणी गोंधळत नाही. सीईसी चालू केल्यावर आवाजाच्या यादीत साउंडबार दिसला आणि बातम्या त्यातून ऐकू आल्या.

पण टीव्हीतल्या अ‍ॅपवर सिनेमा लावला तर पुन्हा शांतता. चॅनलचा आवाज येतो आणि अ‍ॅपचा येत नाही, म्हणजे तार आणि पोर्ट ठीक आहेत, अडचण आवाजाच्या स्वरूपात आहे. डिजिटल आवाजाची सेटिंग Pass Through वर होती, म्हणजे टीव्ही अ‍ॅपचा डॉल्बी डिजिटल प्लस जसाच्या तसा पुढे ढकलत होता आणि त्या साध्या 2.1, म्हणजे दोन चॅनल आणि एक सबवूफर असलेल्या साउंडबारला तो उलगडता येत नव्हता. सेटिंग PCM केली आणि आवाज आला. पीसीएममध्ये साध्या एआरसीवर दोनच चॅनल जातात, पण या साउंडबारला स्टीरिओपेक्षा जास्त काही वाजवताच येत नाही, त्यामुळे काही गमावलं नाही. 5.1 साउंडबार असता तर आधी Auto किंवा Dolby Digital लावून बघितलं असतं.

डीटीएचचा आवाज तरीही दबका वाटत होता. अनेक बॉक्सचा रिमोट बॉक्सचा स्वतःचा आवाज कमी करतो. तो कुणीतरी निम्म्यावर आणून ठेवला होता. बॉक्सचा आवाज पूर्ण वाढवला आणि पुढे आवाज फक्त टीव्हीच्या रिमोटने बदलायचा असं ठरवलं. शेवटी एक चमत्कारिक गोष्ट उरली: स्टिक झोपी गेली की साउंडबारही बंद व्हायचा. हा सीईसीचा नको तेवढा उत्साह. टीव्हीतलं सीईसी बंद केलं तर एआरसीच जाईल, म्हणून स्टिकच्या सेटिंगमधलं सीईसी बंद केलं. टीव्हीतलं तसंच राहिलं.

पोर्टं कमी पडली तर

32 इंची टीव्हीत अनेकदा दोनच एचडीएमआय पोर्टं असतात. एक साउंडबारने घेतलं की बॉक्स आणि स्टिक यांना एकच उरतं. त्या उरलेल्या पोर्टावर साधा एचडीएमआय स्विच लावा. स्विच टीव्ही आणि साउंडबारच्या मधे कधीही लावू नका, कारण बरेच स्विच एआरसीची तार पुढे नेत नाहीत.

साउंडबारला HDMI IN असेल तर स्टिक तिथेही लावता येते. अशा वेळी मात्र साउंडबार ते टीव्ही या केबलमधून चित्रही जातं, आणि तेव्हा केबलचा वेग बघावा लागतो. 4के चित्रासाठी 18 जीबीपीएसची प्रीमियम हाय स्पीड केबल घ्या. 120 हर्ट्झवर खेळायचा गेमिंग कन्सोल थेट टीव्हीला जोडलेला बरा, कारण तेवढं चित्र पुढे नेण्याची ताकद पुष्कळ साउंडबारांत नसते. त्यासाठी टीव्ही घेताना एवढं तपासा: काही टीव्हींत 120 हर्ट्झची पोर्टं दोनच असतात आणि त्यातलंच एक eARC असतं. साउंडबार लागला की कन्सोलसाठी एकच उरतं.

तरीही अडलं तर

आवाजाच्या यादीत साउंडबार दिसतच नसेल, तर बॉक्स, स्टिक सगळं टीव्हीपासून काढा, टीव्ही आणि साउंडबार दोन्हींचे प्लग भिंतीतून उपसा, दोन मिनिटं थांबा, मग फक्त ती दोनच उपकरणं चालू करा. जमलं तर बाकीची एकेक करून लावा. ज्याच्यानंतर बिघडेल त्याचं सीईसी बंद करा.

आवाज मधेच तुटत असेल, सेकंदभर जाऊन परत येत असेल, तर टीव्हीत eARC बंद करून तासभर ऐका. साध्या एआरसीवर तुटणं थांबलं तर संशय केबलमधल्या त्या जोडीवर. दुसरी High Speed with Ethernet केबल लावून eARC पुन्हा चालू करून बघा. एआरसीवरही तुटत राहिलं तर प्लग सैल आहे का बघा, आणि शक्य असल्यास ओळखीच्या कुणाचा साउंडबार त्याच केबलवर लावून बघा. तोही तुटला तर दोष केबलमध्ये किंवा टीव्हीच्या पोर्टात.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर दिशा आधी ओळखा. शब्द ओठांच्या आधी येत असतील तर टीव्हीतल्या किंवा साउंडबारच्या AV Sync मध्ये उशीर वाढवा. शब्द मागून येत असतील तर तो उशीर शून्यावर आणा आणि डिजिटल आवाज PCM करून बघा, कारण स्वरूप बदलण्याचा आणि उलगडण्याचा वेळ त्यात वाचतो. आवाज घुमल्यासारखा, दुहेरी येत असेल तर टीव्हीचे स्पीकर अजून चालू आहेत. ते आवाजाच्या यादीतूनच बंद होतात.